सरवा: चार रविवारच्या संदेशमालेचं शीर्षक आणि निमंत्रणाचा मजकूर (प्रकल्प नोंदी)

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

काम ठरलं. नोव्हेंबरच्या चार रविवारी (२, ९, १६, २३) बायबलमधल्या रूथच्या पुस्तकावर संदेश, म्हणजे प्रवचनं, होतील. ३० तारखेला नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे मालिका त्याआधी संपते. रूथचे अध्याय चार आणि रविवारही चार, त्यामुळे ओढाताण नाही. पाळकसाहेबांची मागणी अशी आहे की, मंडळीच्या बाहेरची माणसं, गल्लीतले शेजारी, शाळेतले पालक, दूध संकलन केंद्रावर भेटणारे लोक हेही वाचतील आणि त्यांना यावंसं वाटेल असं एक शीर्षक आणि छोटा मजकूर हवा.

आपलं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. वाचणाऱ्यांत शेती करणारे निम्म्याहून जास्त, उरलेले दुकानदार, शिक्षक, कारखान्यातले. या सप्टेंबरात अतिवृष्टीनं पिकं पाण्यात गेलेली आहेत. ही गोष्ट मजकुरावर परिणाम करणार आहे, म्हणून पहिल्याच नोंदीत लिहून ठेवली.

दिवाळीमुळे वेळापत्रक आवळलेलं आहे. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २३ ला भाऊबीज. त्या आठवड्यात पाठवलेला कुठलाही निरोप शुभेच्छांच्या ढिगाखाली जाईल. म्हणून मजकूर १७ पर्यंत पक्का करायचा, पण बाहेर काढायचा तो २४ पासून.

गुरुवार, २ ऑक्टोबर

शीर्षकाला हात लावण्याआधी पुस्तक सलग वाचलं, मोठ्यानं, एका बैठकीत. ८५ ओव्या आहेत, पाव तास पुरतो. तुकड्यातुकड्यानं वाचलं की प्रत्येक अध्यायात वेगळा धडा सापडतो आणि मग शीर्षकात चारही धडे कोंबावेसे वाटतात. सलग वाचलं की एकच धागा हाताला लागतो.

तो धागा असा. पहिल्या अध्यायाच्या शेवटी रूथची सासू नामी गावातल्या बायकांना सांगते की, जाताना मी भरलेली होते, देवानं मला रिकामी परत आणलं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी शेताचा मालक बवाज रूथच्या पदरात सातूची सहा मापं घालतो आणि सांगतो की, सासूकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे. सांगणाऱ्यानं तो मुद्दाम दोनदा ठेवलाय. चौथ्या अध्यायात त्याच नामीच्या मांडीवर नातू आहे आणि बायका पुन्हा बोलतायत. रिकामं घर भरतं, एवढंच पुस्तक.

दुसरी लक्षात ठेवायची बाब म्हणजे, निवेदक स्वतः ‘देवानं हे केलं’ असं फक्त दोनदा म्हणतो. एकदा दुष्काळ सरल्याची बातमी येते तेव्हा (१:६), एकदा रूथला दिवस जातात तेव्हा (४:१३). बाकी सगळं माणसं करतात. चालत जातात, वेचतात, सौदा करतात. तेव्हा मजकुरात ‘चमत्कार’, ‘सामर्थ्य’, ‘अद्भुत’ यांतला एकही शब्द आला तर तो या पुस्तकाचा नाही.

पाळकसाहेबांकडून एक वाक्य लिहून घेतलं. चारही संदेश ज्या एका वाक्याखाली बसतात ते वाक्य. त्यांनी दिलं ते असं: “रिकामं होऊन परतलेलं घर देव भरतो, आणि ते परक्या सुनेच्या कष्टांतून व गावातल्या एका माणसाच्या मोकळ्या हातातून भरतो.” हे वाक्य बाहेर छापायचं नाही. आतल्या कामासाठी आहे. पुढे जो शब्द सुचेल तो या वाक्याला लावून बघायचा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शीर्षकांची पहिली यादी. सगळी लिहून मग एकेक खोडली. कारणं नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या मालिकेला हीच भुतं परत येतील.

‘रूथच्या पुस्तकाचा अभ्यास’ हे फाइलचं नाव झालं. ज्याला रूथ माहीत आहे त्यालाच यात काहीतरी दिसतं.

‘सोडवणारा आप्त’ हे पाळकसाहेबांचं आवडतं होतं. चौथ्या अध्यायाचा गाभा तोच आहे, जवळच्या नातलगानं जमीन आणि नाव दोन्ही सोडवायचं. पण बाहेरच्या वाचकाला यातून काहीच चित्र दिसत नाही. गंमत अशी की ‘गहाण जमीन सोडवली’ हे मराठीत रोजचं बोलणं आहे, म्हणजे कल्पना आपल्याकडे आहे, फक्त ‘आप्त’ हा शब्द पोथीतला आहे. कल्पना चौथ्या रविवारसाठी राखून ठेवली.

‘सासू-सून’ लोक नक्की थांबून वाचतील, पण रात्री आठच्या मालिकेची अपेक्षा घेऊन येतील. नामी आणि रूथ यांच्यात भांडण नाहीच. शीर्षकानं जे कबूल केलं ते संदेशात नसेल, तर माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

‘देवाची कृपा’ कुठल्याही मालिकेला चालेल, म्हणून कुठल्याच मालिकेला नको.

‘भाकरीच्या घरात दुष्काळ’. बेथलेहेम या नावाचा अर्थच ‘भाकरीचं घर’, आणि तिथंच दुष्काळ पडतो. ओळ धारदार आहे. पण ती पहिल्या अध्यायापुरती आहे. चारही आठवडे दुष्काळ डोक्यावर ठेवला तर तीन अध्याय उलट्या दिशेला जातात. पहिल्या रविवारचं नाव म्हणून ठेवली.

‘हंगामाचा आनंद’ हे कापणीच्या सणाजवळ येत असल्यानं कुणीतरी सुचवलं. पुस्तकात सातूची आणि गव्हाची कापणी आहे खरी. पण ज्याचं सोयाबीन शेतातच कुजलं त्याच्या दारावर हा कागद लावायचा नाही. खोडलं, चर्चा केली नाही.

‘सरवा’. दुसऱ्या अध्यायात रूथ काय करते ते सांगणारा शब्द, आणि मराठी पवित्र शास्त्रातही तिथं हाच शब्द आहे. काढणी झाल्यावर शेतात जे मागे राहतं ते वेचणं. बाजरी, भुईमूग, कांदा, कापूस, सगळ्याचा सरवा या भागात बायका आजही वेचतात. भाषांतर करावं लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही. शिवाय त्यात गरिबी, कष्ट आणि मालकानं डोळेझाक करून दिलेली मुभा हे तिन्ही आहे. पाळकसाहेबांच्या वाक्याला लावून बघितलं, बसतं.

शंका दोन. एक, शाळकरी आणि शहरातून आलेल्यांना शब्द माहीत नसेल. दोन, एकट्या शब्दाला धर्माचा किंवा जागेचा काहीच सुगावा नाही. दोन्हींवर उपाय उपशीर्षक.

बुधवार, ८ ऑक्टोबर

उपशीर्षकाचं काम शीर्षकापेक्षा किचकट निघालं. नियम एवढाच ठेवला की, शीर्षक जे चित्र दाखवतं ते उपशीर्षकानं परत सांगायचं नाही, त्यात माणसं आणायची.

पहिला प्रयत्न होता ‘उरलेल्या धान्याची गोष्ट’. यात सरव्याचाच अर्थ परत आला, माणसं आलीच नाहीत. दुसरा, ‘रूथ आणि नामी यांच्या जीवनातून देवाच्या विश्वासूपणाचे दर्शन’. हे मंडळीतल्या माणसाला चालेल. बाहेरच्याला नावं अनोळखी, आणि वाक्य संपेपर्यंत श्वास संपतो. तिसरा, ‘रिकाम्या हातांनी गावी परतलेल्या दोघींची गोष्ट’. ‘रिकाम्या हातांनी’ पुस्तकातूनच आलं. ‘गावी परतलेल्या’ म्हटलं की या जिल्ह्यात प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी उभं राहतं, मुंबईहून परतलेलं, नाहीतर ऊसतोडीहून. ‘दोघींची’ म्हटल्यानं बायकांची गोष्ट आहे हे कळतं. ‘गोष्ट’ म्हटल्यानं व्याख्यान नाही हे कळतं. ठेवला.

मग फोनवरची चाचणी. शीर्षक फोनवर एकदाच म्हणायचं, समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचं. ‘सरवा’ म्हटल्यावर एका बाजूला ‘सर्व का?’ असं ऐकू आलं, एकदा ‘सरावा?’. म्हणजे एकट्यानं ते तोंडी चालणार नाही. कुणी कुणाला सांगेल तेव्हा ‘सरवा वेचतात ना, तो सरवा’ असंच सांगेल. त्यामुळे तोंडी सूचनेत शब्द कायम ‘वेचणे’बरोबर येईल असं ठरवलं. छापील शीर्षक मात्र एका शब्दाचंच.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मजकुराचा पहिला खर्डा. सवयीनं असा लिहिला गेला:

“आमच्या मंडळीमध्ये नोव्हेंबर महिन्यात रूथच्या पुस्तकावर आधारित आशीर्वादित संदेशमालेचे आयोजन करण्यात आले आहे. देवाच्या विश्वासूपणाचा व तारणाचा अनुभव घेण्यासाठी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून आशीर्वादाचे भागीदार व्हावे.”

२६ शब्द, आणि त्यांत एकही माणूस, जागा किंवा वस्तू नाही. आयोजन ‘करण्यात आले आहे’, म्हणजे कुणी केलं ते नाही. बहुसंख्येने उपस्थित राहणं हे एका माणसाला जमत नाही. निमंत्रण तर एकेक माणूस वाचतो.

यापेक्षा मोठी अडचण शब्दांची आहे. आपल्या रोजच्या भक्तीतले शब्द बाहेर वेगळं काही म्हणतात. ‘तारण’ म्हटलं की बाहेर सोनेतारण कर्ज आठवतं. ‘साक्ष’ कोर्टात होते. ‘मंडळी’ म्हणजे आपल्यासाठी चर्चची माणसं, इतरांसाठी ‘चला मंडळी, जेवायला’. ‘संदेश’ म्हणजे मोबाइलवर येतो तो. ‘उपदेश’ हा शब्द नकोच. बाहेर त्याचा अर्थ कुणीतरी वरच्या पाटावर बसून कान पिळणार असा होतो. ‘आशीर्वादित’ हे विशेषण बाहेर कुणी वापरतच नाही.

ठरवलं ते असं. मजकुराच्या मुख्य भागात यांतला एकही शब्द नाही. ‘बायबल’ मात्र स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही, आणि जागा म्हणून ‘चर्च’ लिहायचं. गोष्ट कुठली आणि कुठं सांगणार हे झाकून ठेवलेलं निमंत्रण वाचणाऱ्याला नंतर फसवणूक वाटतं, आणि ते बरोबरच आहे. त्याच कारणानं आजार बरा होईल, अडचण सुटेल, असली एकही कबुली नाही.

‘संदेश’ हा शब्द खालच्या माहितीच्या ओळीत ‘संदेश (प्रवचन)’ असा घ्यावा का, यावर वेळ गेला. शेवटी साधं ‘प्रवचन’ घेतलं. या गावात प्रवचन म्हणजे काय हे सप्ताहामुळे लहान पोरालाही माहीत आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुसरा खर्डा गोष्ट सांगून सुरू केला. मंडळीतल्या दोन ताई आणि एक निवृत्त शिक्षक यांच्यापुढे ठेवला, पाळकसाहेबांनी शास्त्राशी ताडून पाहिला. दुरुस्त्या चार.

पहिली. लिहिलं होतं, ‘घरात दाणा नाही, शेत हातचं गेलेलं.’ वाचायला ठसठशीत. पण रूथ ४:३ मध्ये नामी जमीन विकत आहे की विकून बसली आहे, याबद्दल भाषांतरांत फरक आहे. पाळकसाहेब चौथ्या रविवारी हेच उलगडणार आहेत, आणि मजकूर त्यांच्या आधीच निकाल देऊन बसला होता. बदलून ‘कमावणारं कुणी नाही’ केलं. हे निर्विवाद आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे परमुलखात, मवाबातच वारले.

दुसरी. शेवट होता, ‘तिथून त्या घराचे दिवस कसे पालटले’. यात एक गुप्त कबुली आहे की, या चर्चमध्ये आलात तर तुमचेही दिवस पालटतील. पिकं वाहून गेलेल्या वर्षी हे वाक्य गळासारखं वाटतं. ‘तिथून पुढे त्या घराचं काय झालं’ असं सरळ केलं. ओढ तेवढीच राहिली, आमिष गेलं.

तिसरी. ‘पुढे काय झालं? जाणून घेण्यासाठी अवश्य या!’ हे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह दोन्ही काढलं. निवृत्त सरांचं म्हणणं होतं की हे साबणाच्या जाहिरातीसारखं दिसतं. बरोबर होतं.

चौथी. ‘परक्या जातीची सून’ असं एका जागी लिहिलं गेलं होतं. रूथ मवाबी, म्हणजे दुसऱ्या देशातली, आणि मवाब्यांना इस्राएलाच्या सभेत घ्यायचं नाही असा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२३:३) नियम होता. म्हणजे परकेपणाला धार आहेच. पण गावात ‘जात’ शब्द वाचला की गोष्ट मागे राहील आणि वाद पुढे येईल. ‘परक्या देशातली’ हेच नेमकंही आहे आणि खरंही.

सरव्याचा अर्थ कुठं द्यायचा हाही प्रश्न होता. तारा मारून तळटीप दिली तर ती कुणी वाचत नाही. म्हणून वाक्याच्या आतच दिला, स्वल्पविराम देऊन, जणू बोलणारा ओघात सांगतोय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मजकूर पक्का. ५२ शब्द.

“दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब गाव सोडून परमुलखात गेलं. दहाएक वर्षांनी त्यातली फक्त सासू परत आली. सोबत विधवा, परक्या देशातली सून. घरात दाणा नाही, कमावणारं कुणी नाही. सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली, कापणीनंतर मागे राहिलेली कणसं गोळा करायला. तिथून पुढे त्या घराचं काय झालं, ही बायबलमधली गोष्ट चार रविवारी ऐकू या.”

रूथ, नामी, बवाज ही नावं मुद्दाम नाहीत. नावामुळे अनोळखी वाचक अडतो, नात्यामुळे अडत नाही. ‘ऐकू या’ हे ‘अवश्य यावे’पेक्षा बरं, कारण बोलावणारा स्वतःही ऐकणाऱ्यांत बसतो.

त्याखाली माहितीच्या ओळी, गोष्टीपासून वेगळ्या:

“रविवार २, ९, १६, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:३० ते ११. गाणी, प्रार्थना आणि अर्ध्या तासाचं प्रवचन, सगळं मराठीत. दान गोळा केलं जातं. पाहुण्यांनी टाकलंच पाहिजे असं नाही. मुलांचा वर्ग शेजारच्या खोलीत असतो.”

दानाच्या ओळीवर बरीच घासाघीस झाली. आधी ‘प्रवेश मोफत’ लिहिलं होतं. मग दानाची थैली रांगेतून फिरताना पाहुण्याला काय वाटेल? मोफत म्हणाले आणि थैली पुढे केली. जे घडणार आहे तेच लिहिलं. नवख्या माणसाची खरी भीती नेहमी अशाच गोष्टींची असते की, किती वेळ बसावं लागेल, पैसे टाकावे लागतील का, पोरगं रडलं तर काय. चांगली ओळ या भीतीला उत्तर देते.

आठवड्यांची नावंही ठरली:

१. भाकरीच्या गावात दुष्काळ
२. शेताच्या कडेला
३. खळ्यावरची रात्र
४. वेशीतला व्यवहार

पहिल्या नावात ‘घरात’चं ‘गावात’ केलं, कारण आपल्याला वाचक गावाच्या नावानं आत आणायचाय. दुसऱ्यात लेवीय १९ चा नियम आहे, शेताच्या कडा पूर्ण कापायच्या नाहीत, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवायच्या. चौथ्यात बवाज गावाच्या वेशीत बसून दहा वडीलधाऱ्यांसमोर व्यवहार पक्का करतो, आणि हक्क सोडणारा नातलग आपला जोडा काढून देतो. ‘वेस’ शब्द असला की मूळ गोष्ट थेट आपल्या गावात येते; ‘नगरद्वार’ म्हटलं तर राजवाडा दिसतो.

तिसऱ्याबद्दल एका ताईंना खटकलं आहे. पाळकसाहेब म्हणतात राहू द्या, दिवाळीनंतर बघू.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आजपासून बाहेर काढायचं. एकाच मजकुराचे तीन आकार केले: व्हॉट्सॲप, भिंतीवरचा कागद आणि हातात द्यायची चिठ्ठी.

व्हॉट्सॲपसाठी पहिली ओळ सर्वात महत्त्वाची, कारण सूचनेच्या पट्टीत तेवढीच दिसते. ‘सप्रेम नमस्कार’नं सुरुवात केली तर पट्टीत फक्त नमस्कार दिसतो. म्हणून पहिली ओळ शीर्षक, ठळक करून, दुसरी उपशीर्षक, मग गोष्ट:

```
*सरवा*
रिकाम्या हातांनी गावी परतलेल्या दोघींची गोष्ट
```

तारांकन आणि अक्षर यांच्यामध्ये जागा सोडली तर अक्षर ठळक होत नाही, तारेच दिसतात. दोन जणांनी पुढे पाठवताना तसंच केलं होतं, म्हणून लिहून ठेवतो. हात जोडलेली, फुलांची, ज्योतीची चिन्हं घातली नाहीत.

दुसऱ्यांच्या गटांवर टाकण्याआधी त्या गटाच्या प्रमुखाला विचारायचं. सोसायटीच्या आणि शाळेच्या गटांवर बहुतेक ठिकाणी धार्मिक मजकुराला बंदी असते. बंदी असेल तिथं टाकायचं नाही. ओळखीच्या माणसाला वैयक्तिक पाठवायचं, आपल्या शब्दांत एक ओळ वर जोडून. नुसतं ‘फॉरवर्ड’ केलेलं आणि ‘वहिनी, तुम्ही त्या दिवशी सरव्याबद्दल बोलत होता ना’ असं म्हणून पाठवलेलं यांत मोठा फरक आहे.

भिंतीवरच्या कागदासाठी गोष्ट तशीच, पण अक्षरं मोठी. देवनागरीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे इंग्रजीपुरतं सोडलेलं ओळींमधलं अंतर पुरत नाही. ‘सून’चा उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. अंतर वाढवलं, एक ओळ कमी केली. ‘मुक्ता’ हा मोफत टंक घेतला, जाड वजनात. बारीक वजन लांबून पुसट दिसतं.

छपाईवाल्याकडे मजकूर टाइप करून पाठवला आणि घोळ झाला. तिथं जुन्या पद्धतीचा टंक होता. युनिकोड मजकूर त्या टंकात बदलून घेताना ‘दुसऱ्याच्या’मधला ‘ऱ्या’ फुटला आणि ‘र’ला हलन्त देऊन ‘या’ वेगळा पडला. असा बिघाड आहे का हे तपासायचं असेल तर ‘ऱ्या’, ‘र्ष’, ‘क्ष’, ‘त्र’ हे चार आधी बघायचे. आता मजकूर म्हणून पाठवतच नाही. पीडीएफ करून पाठवतो, म्हणजे अक्षरांना हात लागत नाही.

चित्राचा प्रश्न. सोनेरी गव्हाचं शेत नको, कारण वर लिहिलंय. पाश्चात्त्य पोशाखातली चितारलेली रूथ नको, ती या गावची दिसत नाही. एक सूप, त्यात मूठभर दाणे, एवढंच घेतलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

भक्तीत तोंडी सूचना दिली. छापील मजकूर वाचून दाखवला नाही; तो डोळ्यांसाठी लिहिलेला आहे आणि त्यातली छोटी वाक्यं कानाला तुटक लागतात. तोंडी सूचना अशी:

“पुढच्या रविवारपासून चार रविवार आपण सरवा वेचणाऱ्या रूथची गोष्ट ऐकणार आहोत. शेजारच्या एका घरी सांगा. काय सांगायचं ते या चिठ्ठीवर आहे.”

इथं ‘रूथ’ आलं, कारण ऐकणारी आपलीच माणसं आहेत. चिठ्ठ्या प्रत्येक घरामागे दोन. दहा दिल्या की त्या पिशवीतच राहतात. दोन दिल्या की कुणाला द्यायच्या याचा विचार होतो.

तिसऱ्या आठवड्याच्या नावाचा निकाल आज लागला. ‘खळ्यावरची रात्र’ भिंतीवर वाचून दोन तरुण पोरं हसली. तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर जाते हे खरं, पण ती जाते ती हक्कानं आसरा मागायला, तुमचं पांघरूण माझ्यावर घाला म्हणायला. नाव मात्र भलतंच सांगतंय. त्या ताईंचं पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं. नवं नाव: ‘खळ्यावरचं मागणं’. कागदावर पट्टी चिकटवली, व्हॉट्सॲपचा मजकूर बदलून परत पाठवला. आधीचा लोकांच्या फोनमध्ये राहणारच.

नावाच्या शुद्धलेखनाचंही आजच उरकलं. पवित्र शास्त्रात ‘रूथ’ दीर्घ आहे, शोधताना लोक ‘रुथ’ ऱ्हस्व टाइप करतात. भक्तीच्या ध्वनिमुद्रणाच्या वर्णनात दोन्ही लिहायचं, कागदावर दीर्घच.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काल पहिला रविवार झाला. नव्या चेहऱ्यांना आत घेताना ‘कुठून कळलं?’ एवढंच विचारलं होतं. उत्तरं बहुतेक कुणीतरी सांगितलं अशीच आली. कागद वाचून आलेलं कुणी सापडलं नाही. सांगणाऱ्यांनी काय सांगितलं ते जास्त उपयोगाचं होतं: ‘सरव्याची गोष्ट आहे’ किंवा ‘सासू-सुनेची आहे, पण भांडणाची नाही’. उपशीर्षक कुणाच्याच तोंडी नव्हतं. छापताना ते हवं, बोलताना गळतं, असं दिसतंय.

दुसऱ्या रविवारसाठी मजकूर लहान केला, कारण मध्येच येणाऱ्याला आपण उशीर केला असं वाटतं:

“सरवा, दुसरा रविवार. सासू आणि सून गावी परतल्या आहेत. आता सून शेतात निघालीय. मागचं ऐकलं नसलं तरी चालेल.”

माहितीच्या ओळीत एक दुरुस्ती. ११ वाजता संपेल लिहिलं होतं, काल सव्वाअकरा झाले, प्रभुभोजन होतं म्हणून. आमच्याकडे ते पहिल्या रविवारी असतं, म्हणजे या मालिकेत पुन्हा नाही. तरी पुढच्या मालिकेच्या मजकुरात पहिल्या रविवारची वेळ वेगळी द्यायची. प्रभुभोजनाच्या वेळी पाहुण्यांनी काय करायचं हेही कुठंच लिहिलेलं नव्हतं, एक बाई गोंधळून उठून गेल्या. ती ओळ कागदावर नको. आत शिरताना द्यायच्या चिठ्ठीवर हवी. शब्द पाळकसाहेब बुधवारपर्यंत देतील.

दूध संकलन केंद्रावरच्या कागदावर अजून ‘खळ्यावरची रात्र’ आहे. तिथली पट्टी राहिली, उद्या सकाळच्या दुधाबरोबर लावायची.